सप्टेंबर अंगावर येण्याआधी सरांशी बोलायचं कसं

“सर, यंदा लोड फारच आहे.”

“सगळ्यांनाच आहे गं. सप्टेंबर आहे. होऊन जाईल.”

सी.ए.च्या ऑफिसात हा संवाद दरवर्षी होतो. बहुतेक वेळा तो जिन्यात नाहीतर चहाच्या वेळी होतो आणि पंधरा सेकंदांत संपतो. बोलणाऱ्याला वाटतं, आपण सांगितलं. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी दमलंय, उद्या ठीक होईल. मग २५ तारखेला रात्री अकरा वाजता दोघंही एकमेकांवर चिडलेले असतात. सरांना वाटतं की आधी सांगायला काय झालं होतं, आणि तिला वाटतं की सांगितलं होतं की!

दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. “लोड फार आहे” हे वाक्य खोटं नाही, पण त्यावर कुणाला काही ठरवता येत नाही. काय करायचं, कोणती फाईल कुणाकडे द्यायची, कोणत्या क्लायंटला फोन करायचा, यातलं काहीच त्यात नसतं. म्हणून हेच बोलणं नीट झालं तर कसं होईल, त्याचा एक नमुना इथे देतो. पात्रं कल्पित आहेत, आकडेही नमुन्याचे. पण काम आणि तारखा खऱ्या आहेत.

मेघना पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या सी.ए. फर्ममध्ये पेड असिस्टंट आहे. तिच्या हाताखाली पहिल्या वर्षाचा एक आर्टिकल आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या व्यवसायांचं टॅक्स ऑडिट होतं आणि त्याचा अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत आयकर पोर्टलवर चढवायचा असतो. मुदत चुकली तर क्लायंटला उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख रुपये, यातली जी रक्कम कमी असेल तेवढा दंड होऊ शकतो. अहवाल नुसता अपलोड करूनही भागत नाही; क्लायंटला स्वतःच्या लॉगिनमधून तो स्वीकारावा लागतो. त्यामुळे ३० तारखेला रात्री पासवर्ड विसरलेला क्लायंट हा दरवर्षीचा प्रसंग असतो, आणि शहाणी ऑफिसं २५ तारीख हीच आपली शेवटची तारीख मानतात.

शिवाय सप्टेंबर हा काही नुसता ऑडिटचा महिना नव्हे. ७ तारखेपर्यंत टीडीएसचं चलन, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला अॅडव्हान्स टॅक्सचा दुसरा हप्ता, २० ला ३बी. त्यात बहुतेक वर्षी गणपती. आपल्याकडे किती काम आहे हे माणूस मोजायला बसतो तेव्हा ही रोजची कामं धरायला विसरतो. डोळ्यांपुढे ऑडिटच्या फायलींची चळत असते. जीएसटी तर काय, होतच असतं! पण ते वेळ खाऊनच होतं.

मेघनानं २४ ऑगस्टच्या सोमवारी बोलायचं ठरवलं आणि आधीच्या शनिवारी संध्याकाळी बसून हिशेब मांडला. तो असा: रविवार आणि गणपतीचे तीन दिवस सोडले तर ३० सप्टेंबरपर्यंत हातात कामाचे ३० दिवस. ऑफिसची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सात. पण जेवण, फोन, आर्टिकलच्या शंका, “मॅडम, एक मिनिट” हे सगळं वजा केलं की फाईल उघडून सलग काम होतं ते दिवसाला सहा तास. म्हणजे १८० तास. त्यातून जीएसटीचे ५०, टीडीएस चलनांचे ६ आणि अॅडव्हान्स टॅक्सच्या हिशेबांचे १० तास गेले. ऑडिटसाठी उरले ११४.

आता दुसरी बाजू. तिच्या नावावर २२ फायली; त्यातल्या चार झाल्या, १८ उरल्या. लहान दुकानदारांच्या नऊ, प्रत्येकी आठ तास, म्हणजे ७२. मध्यम सात, प्रत्येकी चौदा तास, म्हणजे ९८. दोन मोठ्या, प्रत्येकी तीस, म्हणजे ६०. आर्टिकल जे करील ते आधीच वजा करून एकूण २३० तास. हाताशी ११४, लागणार २३०. तूट ११६ तासांची. ३० दिवसांत वाटली तर रोज जवळजवळ चार तास, म्हणजे महिनाभर दररोज रात्री अकरा.

प्रत्येक फाईलला किती तास लागतात हे तिनं मनानं धरलं नव्हतं. गेल्या वर्षीच्या फायलींच्या तारखा आणि या वर्षी संपवलेल्या चार फायली समोर ठेवून आकडे काढले होते. हे महत्त्वाचं आहे, कारण पुढच्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस बहुतेक वेळा कमीच बांधतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीकडे लक्ष वेधलं. ती टाळायची त्यांची वाट सरळ होती: हे काम कसं होईल याची कल्पना करत बसू नका, तशीच आधीची कामं प्रत्यक्षात किती वेळात झाली ते बघा.

शनिवारीच तिनं सरांना मेसेज टाकला: “सर, सोमवारी ऑफिस सुरू व्हायच्या आधी साडेनऊला वीस मिनिटं हवी आहेत. ऑडिटच्या उरलेल्या फायलींची यादी घेऊन येते.” विषय आधी कळवला की सर तयारीनं बसतात. नुसतं “सर, जरा बोलायचं होतं” असं कळवलं की समोरच्याच्या मनात पहिला विचार येतो तो राजीनाम्याचा.

सोमवारी झालेलं बोलणं:

“सर, ही यादी. ३० सप्टेंबरपर्यंत माझ्या १८ फायली आहेत, त्यांना साधारण २३० तास लागतील. जीएसटी आणि बाकीचं नेहमीचं काम जाऊन माझ्याकडे ११४ उरतात. आत्ताच्या वाटपात या सगळ्या फायली वेळेत आणि नीट होणार नाहीत. हे आज सांगतेय, कारण आज अजून बदल करता येतील.”

“अगं, दरवर्षी होतात की. गेल्या वर्षी नाही का केल्यास?”

“गेल्या वर्षी माझ्याकडे १६ होत्या, सर. जूनमध्ये एक सीनियर सोडून गेले, त्यांच्या सहा माझ्याकडे आल्या. आणि गेल्या वर्षी मुदत वाढली म्हणून निभावलं.”

“यंदाही वाढेल बहुतेक.”

“वाढली तर चांगलंच. पण ते आपल्याला शेवटच्या आठवड्यात कळणार.”

इथे थोडं थांबू, कारण मुदतवाढीची आशा हेच या व्यवसायातलं सर्वांत महागात पडणारं गृहीतक आहे. २०२२ मध्ये ७ ऑक्टोबरपर्यंत वाढ मिळाली, पण जाहीर झाली ती थेट ३० सप्टेंबरला. २०२३ मध्ये टॅक्स ऑडिटला वाढ मिळालीच नाही. २०२४ मध्ये पुन्हा ७ ऑक्टोबर, तीही शेवटच्या दोन दिवसांत. २०२५ मध्ये प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, २५ सप्टेंबरला महिन्याची वाढ जाहीर झाली आणि पुढे ती १० नोव्हेंबरपर्यंत गेली. थोडक्यात, वाढ मिळालेल्या वर्षीसुद्धा ती कळेपर्यंत माणसं जागरणं करून बसलेली होती. मेघनानं यावर वाद घातला नाही, “सर, दरवर्षी थोडीच वाढते” असं ऐकवलं नाही. फक्त कधी कळेल तेवढं सांगितलं. तेवढं पुरतं.

“मग काय, रात्री थोडं थांबावं लागेल सगळ्यांना. मीही थांबतोच.”

“मी थांबेन, सर. पण तूट रोजची चार तासांची आहे. तेवढं महिनाभर थांबले तर फायली पुऱ्या होतील, पण बरोबर होतील याची खात्री मी देऊ शकणार नाही. हे बघा.” तिनं गेल्या वर्षीच्या एका ३सीडीची प्रिंट पुढे केली. “क्लॉज २०(ब). पीएफची बाराही महिन्यांची भरणा तारीख १५. २९ तारखेला रात्री भरलेला फॉर्म आहे हा.”

हा तपशील नीट समजून घेण्यासारखा आहे. पगारातून कापलेला कर्मचाऱ्यांचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. ३सीडीमध्ये प्रत्येक महिन्यासाठी देय तारीख आणि प्रत्यक्ष भरल्याची तारीख असे दोन रकाने असतात. एका दिवसाचाही उशीर झाला तर ती रक्कम खर्च म्हणून मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये पक्कं केलं. दमलेला माणूस चलनं उघडून बारा तारखा बघत नाही. तो पहिला रकाना दुसऱ्यात कॉपी करतो. खरा उशीर झालेला असेल तर अहवाल चुकीचा ठरतो आणि सही करणारे सर अडचणीत येतात. उलट वेळेत भरलेली तारीख चुकून पुढची पडली, तर रिटर्नची छाननी करणारी यंत्रणा अहवालातल्या त्या आकड्यावरूनच उत्पन्न वाढवते आणि क्लायंटच्या हातात कराची नोटीस येते. मग तो फोन करतो, सुधारित अहवाल करावा लागतो आणि रात्री वाचवलेल्या वीस मिनिटांच्या बदल्यात डिसेंबरमध्ये दोन दिवस जातात.

मेघनानं “मी दमते” असं म्हटलं असतं तरी ते खरंच होतं. पण सरांची सही ज्या कागदावर आहे तो कागद तिनं समोर ठेवला, म्हणून तिचा प्रश्न तिथून पुढे सरांचाही झाला. सर थोडा वेळ प्रिंट बघत राहिले.

“हे कुणी बघितलं नव्हतं?”

“मीच भरलं होतं, सर. नंतर दुरुस्त केलं.”

“बरं. मग तुझं म्हणणं काय?”

हा प्रश्न आला की निम्मं काम झालं, आणि बहुतेक बोलणी बिघडतात तीही इथेच. कारण उत्तर तयार नसतं. “काहीतरी करा, सर” म्हटलं की सगळा भार पुन्हा सरांवर. मेघनाकडे तीन मागण्या होत्या, प्रत्येकीपुढे तास लिहिलेले.

“एक, दोन मोठ्या फायलींपैकी इंजिनिअरिंगवाल्यांची फाईल दोन वर्षांपूर्वी सचिनसरांनी केली होती. ती त्यांच्याकडे गेली तर माझे ३० तास सुटतात. दोन, जीएसटीचा डेटा उतरवून घेणं आणि जुळवणी अकाउंट्सच्या प्रियाकडे द्या. मी फक्त तपासून फाईल करीन. त्यात ३५ वाचतात. तीन, मध्यम फायलींच्या सातही क्लायंटकडे स्वतःचे अकाउंटंट आहेत. टीडीएस आणि पीएफचे तक्ते त्यांनीच भरून चलनांसकट पाठवले, तर फाईलमागे दोन तास, म्हणजे १४. एकूण ७९ तास. उरलेले ३७ मी रोज सव्वा तास जास्त थांबून काढते.”

“सचिनकडे स्वतःच्या आहेत ना.”

“आहेत, सर. म्हणून एकच मागतेय, आणि ती त्यांच्या ओळखीची आहे.”

“जीएसटी प्रियाला जमेल?”

“११ तारखेच्या आधी दोन दिवस तिच्याबरोबर बसते. हे सप्टेंबरच्या २० तारखेला सांगितलं असतं तर नसतं जमलं.”

शेवटचं वाक्य नेमकं आहे. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएममध्ये मोठ्या संगणक प्रणालीचं काम सांभाळलं आणि त्या अनुभवावर १९७५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी नोंदवलं की उशीर झालेल्या कामावर नवी माणसं लावली तर उशीर आणखी वाढतो, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो. ऑडिटच्या फाईललाही हे तंतोतंत लागू पडतं. कोणत्या पार्टीचं खातं जुळत नाही, कुठलं कर्ज रोखीत घेतलंय, गोडाऊनच्या स्टॉकचा आकडा कुणी दिला, हे सगळं फाईल करणाऱ्याच्या डोक्यात असतं. ऑगस्टअखेरीस फाईल दुसऱ्याकडे दिली तर तो सुरुवातीपासून स्वतः बघतो. २४ सप्टेंबरला अर्धी झालेली दिली तर त्याला काम करण्याआधी तुमचं केलेलं तपासावं लागतं. सांगण्याची योग्य वेळ कोणती, याचं उत्तर यातूनच मिळतं: जोपर्यंत काम दुसऱ्याकडे देण्यात अजून फायदा आहे, तोपर्यंतची.

“ठीक आहे,” सर म्हणाले. “इंजिनिअरिंगवाली सचिनला देऊ. जीएसटीचं प्रियाशी मी बोलतो. तक्त्यांचं मात्र क्लायंट करतील असं मला वाटत नाही.”

“तुमचा फोन गेला तर करतील, सर. माझ्या मेलला उत्तर येत नाही. आणखी एक, चार क्लायंटचा डेटाच आलेला नाही. बँक स्टेटमेंट नाही, कर्जाची कन्फर्मेशन नाही. ५ सप्टेंबरपर्यंत नाही आला तर त्या फायली रांगेत शेवटी जातील. चालेल?”

“त्यातला एक माझा जुना माणूस आहे. त्याला असं सांगता येत नाही.”

“मग त्याच्याऐवजी कोणती मागे ठेवू, ते सांगा.”

“…बघू.”

“गुरुवारपर्यंत सांगाल, सर? शुक्रवारपासून मला क्रम लावायचाय.”

“सांगतो.”

या बोलण्यात दोन जागा बारकाईनं बघण्यासारख्या आहेत. सरांच्या जुन्या माणसाला नकार द्यायचा की नाही, हे मेघनानं ठरवलं नाही. तो तिचा अधिकारच नव्हे. पण “सगळंच करू” हा पर्याय तिनं उघडा ठेवला नाही. एक पुढे घ्यायची तर दुसरी मागे जाणार, आणि कोणती ते सरांनी सांगायचं. हे उद्धटपणाचं वाटू नये म्हणून स्वर नम्र हवा, पण प्रश्न सोडता कामा नये. आणि “बघू” हे उत्तर आलं की तारीख मागायची. आपल्या ऑफिसांमध्ये “बघू” हा शब्द होकाराला, नकाराला आणि विसरण्यालाही चालतो. गुरुवार ठरला की त्याला काहीतरी एकच अर्थ उरतो.

बाहेर आल्यावर तिनं दहा मिनिटांत मेल केला: काय ठरलं, कोणाकडे काय गेलं, सर कोणाला फोन करणार आहेत, गुरुवारी काय ठरायचं आहे. सहा ओळी. पुढे भांडण झालं तर दाखवायला पुरावा, एवढ्यासाठी तो मेल नव्हता. सरांच्या डोक्यात चाळीस फायली असतात. सोमवारी सकाळचं बोलणं मंगळवारी संध्याकाळी त्यांना निम्मंच आठवतं, यात त्यांचा दोष नाही. प्रियाला आणि सचिनसरांना मात्र सरांनीच सांगायचं होतं, म्हणून त्यांना तिनं मेलमध्ये घेतलं नाही. सहकाऱ्यावर काम आलंय हे त्याला आपल्या मेलवरून कळलं, तर ऑक्टोबरपर्यंत तो बोलत नाही.

त्यानंतर दर शनिवारी एक ओळ: किती फायली झाल्या, किती उरल्या, किती तास. १२ सप्टेंबरला तास अंदाजापेक्षा जास्त लागतायत असं दिसलं, तर तेव्हाच पुन्हा सांगता येतं. कुणी म्हणेल, एवढा हिशेब कोण ठेवतो! पण ही नोंद ठेवायला आठवड्याला पाच मिनिटं लागतात, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये “एका मध्यम फाईलला किती तास” हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडवावा लागत नाही.

या सगळ्याला मर्यादा आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. ऑफिसात माणसंच कमी असतील, सगळ्याच सीनियरांकडे ११६ तासांची तूट असेल, तर फायली इकडच्या तिकडे करून काही होत नाही. तिथे काम कमी घ्यावं लागतं, नाहीतर माणसं वाढवावी लागतात, आणि हे दोन्ही निर्णय भागीदारांचे असतात. आकडे घेऊन गेल्यानं निदान तूट कुठे आहे ते कळतं. एखादे सर आकडे बघूनही “मला काही माहीत नाही, झालं पाहिजे” म्हणतात. असं झालं तर दुसऱ्यांदा तेच बोलू नये. कोणत्या फायली मी नक्की करते आणि कोणत्या माझ्याकडून होतील असं धरू नका, एवढं लेखी कळवावं आणि क्रमानं कामाला लागावं. तोंडी होकार देऊन मनात नकार ठेवणं सर्वांत वाईट. त्यात क्लायंटचा दंड, सरांची सही आणि आपली झोप, तिन्ही जातात.

सरांच्या खुर्चीत बसणाऱ्यांनाही एक विनंती. यादी घेऊन आलेल्या माणसाला “सगळ्यांनाच लोड आहे” हे उत्तर देऊ नका. तो माणूस तुम्हाला सप्टेंबरअखेरीची बातमी ऑगस्टमध्ये देतोय. एकदा तसं उत्तर मिळालं की पुढच्या वर्षी तो यादी करत नाही, आणि मग तुम्हाला ती बातमी २९ तारखेला रात्री कळते. त्यापेक्षा वीस मिनिटं द्या, आकडे तपासा, चुकले असतील तर तसं दाखवा, आणि निदान एक गोष्ट त्याच बैठकीत ठरवून टाका.

आणि तुमच्या नावावर फायली असतील तर या शनिवारी संध्याकाळी तासभर बसून उरलेल्या फायली, त्यांचे तास आणि हातातले दिवस एका कागदावर मांडा. तूट निघाली, तर सोमवारी साडेनऊची वेळ मागून घ्या.